होमस्टेवाल्यांना मेल पाठवायचाय, फक्त दरपत्रकाबद्दल. मसुदा बघून सांगाल का?

चैताली_डी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात फ्रीलान्स डिझाइन करते, मेन्यूकार्ड, पॅकेजिंग, छोट्या साइट वगैरे. मार्चमध्ये कासवाची पिल्लं बघायला आंजर्ल्याला जायचं म्हणून राहायची सोय शोधत होते, त्यात एका घरगुती होमस्टेची साइट सापडली. फोटो मस्त आहेत, अंगण, माडांची वाडी, जेवणाची पंगत, सगळं खरं वाटतं. पण दरपत्रक म्हणजे एक जेपीजी, बहुतेक फ्लेक्ससाठी केलेलं तेच साइटवर चढवलंय. मोबाईलवर अक्षर इतकं बारीक येतं की काही वाचता येत नाही, आणि बोटांनी मोठं केलं की फुटतं. फोन नंबरही त्याच चित्रात तळाला आहे, त्यामुळे त्याच्यावर बोट ठेवून फोन लागत नाही, नंबर कागदावर लिहून घ्यायचा आणि मग डायल करायचा.

मला त्यांना एवढी एकच गोष्ट बदलायला सुचवायचीय, बाकी साइट छान आहे. काम मिळालं तर पैसे घेऊन करणार आहे. अनोळखी माणसाला असा मेल कधी लिहिलेला नाही, नेटवर नमुने बघून हे तयार केलंय:

> विषय: आपल्या वेबसाइटच्या सुधारणेसाठी प्रस्ताव
>
> आदरणीय महोदय/महोदया,
> मी एक व्यावसायिक वेब डिझायनर आहे. आपली वेबसाइट पाहताना तिच्यात काही त्रुटी आढळल्या. वेबसाइट मोबाईल फ्रेंडली नसल्याने आपले अनेक ग्राहक परत जात असतील. मी वेबसाइट, लोगो, ब्रँडिंग व सोशल मीडिया या सेवा देते. सोबत पोर्टफोलिओ जोडला आहे. या आठवड्यात १५ मिनिटे कॉलवर बोलू शकतो का?

काय काढू, काय ठेवू?

मिलिंद_७२

चैतालीताई, कोकणात मेल कोण बघतं हो, सगळा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो. नंबर आहेच ना साइटवर, टाका मेसेज, दोन निळ्या टिका आल्या की कळलं वाचलं. आणि नाही उत्तर आलं तर दर दोन दिवसांनी परत टाकत राहायचं, चिकाटी लागते या कामात.

खिळेजुळारी

मिलिंदराव अर्धं बरोबर बोलताहेत. बुकिंग व्हॉट्सॲपवर चालतं हे खरंय. पण म्हणूनच तो नंबर त्यांचं दुकान आहे, तिथे गिऱ्हाईक सोडून दुसरं कोणी घुसलं की लोक सरळ ब्लॉक करतात, आणि रिपोर्ट वाढले तर तुमचाच नंबर बंद पडू शकतो. दर दोन दिवसांनी तर अजिबात नको. मेल निवांत वाचता येतो, घरातल्या दुसऱ्या कुणाला पुढे पाठवता येतो. इथे ते फार महत्त्वाचं आहे, का ते खाली सांगतो.

आधी एक बघ. साइटवर मेलचा पत्ता कुठला दिलाय? `info@` ने सुरू होणारा असेल तर तो साइट करणाऱ्याने बनवून दिलेला असतो आणि बऱ्याचदा कोणी उघडतच नाही. जीमेलचा असेल तर तो मालकाच्या फोनमध्ये असण्याची शक्यता जास्त.

आता मसुदा. खरं सांगू का, यातलं एकही वाक्य त्या होमस्टेबद्दल नाही. हाच मेल तू पनवेलच्या डेंटिस्टला पाठवलास तरी चालेल. आणि ज्याची साइट आहे त्याला असे मेल सतत येत असतात, तुमच्या साइटमध्ये त्रुटी आहेत, गूगलवर पहिल्या पानावर आणून देतो, सगळ्यांची भाषा हीच. त्या ढिगात तुझाही मेल जाणार.

तू वर धाग्यात जे लिहिलंस ते मसुद्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. आता मला सांग, ते चित्र मोठं करून बघितल्यावर नेमकं काय वाचता आलं नाही? एखादा शब्द, आकडा, काहीतरी एकच सांग.

चैताली_डी

नॉन-एसी डबल रूमचा दर. 1300 आहे की 1800 ते शेवटपर्यंत कळलं नाही. एसीचा वाचता आला कारण तो लाल रंगात ठळक आहे.

खिळेजुळारी

बस, हाच तुझा मेल. "मोबाईल फ्रेंडली नाही" हे त्यांना काही सांगत नाही, "तुमचा दर तेराशे की अठराशे हे वाचता येत नाही" हे मालक लगेच फोन हातात घेऊन स्वतः तपासेल. तपासण्यासारखं एक वाक्य दिलंस की तू खरंच साइट बघितलीस हे आपोआप सिद्ध होतं, वेगळं सांगावं लागत नाही.

पण पाठवायच्या आधी तूच नीट तपास. कॉम्प्युटरवर ते चित्र नव्या टॅबमध्ये उघड, क्रोमच्या टॅबवर नावापुढे त्याची लांबीरुंदी दिसते. किती आहे?

चैताली_डी

१६०० × ११३१. आडवं आहे.

खिळेजुळारी

म्हणजे प्रिंटरने व्हॉट्सॲपवर पाठवलं असणार आणि तेच साइटवर गेलं, व्हॉट्सॲप साध्या दर्जात फोटोची मोठी बाजू साधारण १६०० वर आणतं. आता हिशेब बघ. साध्या अँड्रॉइड फोनचा स्क्रीन ब्राउझरच्या मापाने ३६० च्या आसपास रुंद, कडेच्या मोकळ्या जागा सोडल्या तर चित्राला ३३० मिळतात. म्हणजे १६०० चं चित्र जवळजवळ पाचपट आक्रसतं. त्यातलं अक्षर २८ पिक्सेलचं असेल तर फोनवर सहाचंही राहत नाही, आणि वाचायच्या मजकुराला आपण साधारण १६ ठेवतो. मोठं केल्यावर फुटतं कारण व्हॉट्सॲपच्या दाबादाबीत आकड्यांच्या कडा आधीच गेलेल्या असतात, ८ आणि ३ मधला फरक तिथेच संपतो.

हे सगळं तुझ्यासाठी. मेलमध्ये यातला एक आकडाही टाकू नकोस. दोन वेगळ्या फोनवर बघ, एक जुना असेल तर उत्तम, आणि वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघ. दोन्हीकडे तेच दिसलं तरच लिही.

स्वप्ना_के

मला पण असाच मेल हवाय! मी ॲनिमेशनचा कोर्स केलाय, एका स्टुडिओत इंटर्नशिपसाठी पाठवायचाय. त्यात पण अशीच एक चूक काढून दाखवू का त्यांच्या कामातली? आणि पोर्टफोलिओ पीडीएफ जोडायचा की लिंक?

खिळेजुळारी

स्वप्ना, तुझं प्रकरण वेगळं आहे, तिथे तू नोकरी मागतेस आणि वाचणारा स्वतः डिझायनर आहे. त्याला पोर्टफोलिओ बघायचाच असतो, होमस्टेच्या मालकाला तुझ्या पोर्टफोलिओशी काही देणंघेणं नाही. वेगळा धागा काढ, लोक सांगतील.

वाडीवाले_काका

माझा स्वतःचा होमस्टे आहे, गुहागर तालुक्यात. म्हणजे ज्यांना तुम्ही मेल पाठवणार त्यातलाच मी. म्हणून चार गोष्टी सांगतो, राग नसावा.

पहिलं म्हणजे आमची साइट माझ्या पुतण्याने केलीय, तो कॉलेजात असताना, एक पैसा न घेता. तुमच्या मेलमध्ये "त्रुटी आढळल्या" वाचलं की मला आधी त्याचा चेहरा आठवतो आणि मेल बंद करतो. छोट्या धंद्यात साइट कोणीतरी घरच्याने किंवा ओळखीतल्याने केलेली असते हे लक्षात ठेवा.

दुसरं, मला साइट बदलताच येत नाही. लॉगिन पुतण्याकडे, तो आता बंगळूरला, डोमेनचे पैसे भरायचे असले की त्यालाच फोन. तुम्ही कितीही चांगलं सुचवलंत तरी माझा पहिला विचार "आता हे कोण करणार" हाच. आणि पहिल्याच मेलात कोणी पासवर्ड मागितला तर तो चोर आहे असंच मी धरतो.

तिसरं, जेपीजी का असतं ते सांगतो. मे महिन्यात दर वेगळे, दिवाळीत वेगळे, शनिवार-रविवार वेगळे, पावसाळ्यात कमी. दर बदलला की प्रिंटरकडून नवीन चित्र करून घेतो आणि तेच साइटवर, तेच व्हॉट्सॲप स्टेटसला. एक चित्र सगळीकडे चालतं. ते चित्र तुम्ही काढून टाकलंत तर माझं काम वाढेल की कमी होईल, हे सांगा.

चैताली_डी

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खूप धन्यवाद. मी चित्र काढून टाकायचं म्हणतच नाहीये आता. साइटवर मजकूर ठेवायचा, म्हणजे दर बदलला की आकडा पुसून नवा टाकायचा, दोन मिनिटांचं काम. स्टेटससाठी तुमचं चित्र तसंच राहू दे. आकडा बदलणं फोनवरून जमेल असं करून दिलं तर चालेल का?

वाडीवाले_काका

फोनवरून जमत असेल तर नक्की ऐकून घेईन. पण मग मेलात तेच लिहा ना, तुमच्या फॉन्टपेक्षा मला त्यात जास्त रस आहे.

खिळेजुळारी

काकांनी मोठा प्रश्न सोडवला. चैताली, म्हणूनच मी म्हणत होतो मेल पुढे पाठवता आला पाहिजे. तुझा खरा वाचक दोघं आहेत, मालक आणि बंगळूरचा पुतण्या. मालकाला पहिल्या तीन ओळींत कळलं पाहिजे, आणि पुतण्याला ते वाचून आपली कोणी लाज काढतंय असं वाटता कामा नये.

नमुना चित्र असं कर. एकच चित्र, डावीकडे आत्ताचा फोनवरचा स्क्रीनशॉट, उजवीकडे तू बदललेला, दोन्ही सारख्या मापाचे. उजवीकडे तक्ता करू नकोस, तीन कॉलम फोनवर परत आक्रसतात. एका खोलीला एक ओळ, खाली दर, आणि सगळ्यात खाली व्हॉट्सॲपचं एकच मोठं बटण, अंगठा नीट बसेल एवढं. त्या बटणामागे फक्त एवढंच असतं:

```html
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX">व्हॉट्सॲपवर विचारा</a>
```

नंबरच्या आधी 91, पण अधिकचं चिन्ह, शून्य, डॅश काही नको, नाहीतर लिंक चालत नाही. साधा फोन लावायला `tel:+91XXXXXXXXXX` आणि तिथे मात्र अधिकचं चिन्ह असू दे. हा कोड मेलात नको, पुतण्याने विचारलं तर दे.

दर त्यांच्याच चित्रातले जसेच्या तसे घे. जो वाचता आला नाही तिथे अंदाजाने आकडा घालू नकोस, जागा रिकामी ठेव. चुकीचा दर लिहिलेलं चित्र त्यांच्या नावाने फिरलं तर भांडण त्यांच्या दारात येईल.

हे चित्र मेलच्या मजकुरातच घाल, फाइल जोडू नको. झिप तर मुळीच नको. आणि लिंक आखूड करणाऱ्या साइट वापरू नकोस, अनोळखी माणसाकडून आलेली तसली लिंक कोणी उघडत नाही आणि स्पॅममध्ये जायची भीतीही असते. चित्र दिसलं नाही तरी नुसता मजकूर वाचून मुद्दा कळला पाहिजे.

राइनकाठ

मी जर्मनीत आहे, इथे हेच काम करतो, म्हणून एक सांगायचंय. इथे अनोळखी धंद्याला आधी परवानगी न घेता जाहिरातीचा मेल पाठवणं बेकायदेशीर आहे, अनुचित स्पर्धेच्या कायद्याचं कलम ७, धंद्याने धंद्याला पाठवला तरी तेच. वकिलाची नोटीस येते आणि खर्च आपल्यालाच भरावा लागतो. म्हणून मी कागदावर पत्र पाठवतो, पोस्टाने, दोन स्क्रीनशॉट छापून. बेकरीवाल्या आजींनी माझं पत्र गल्ल्यामागे लावून ठेवलं होतं आणि मग बोलावलं. तर चैताली, पत्रच पाठव की, कोकणात पोस्टमन अजून घरी येतो.

मिलिंद_७२

अरे मग भारतात पण डीएनडी आहे की, तक्रार झाली तर?

खिळेजुळारी

मिलिंदराव, डीएनडी म्हणजे ट्रायचे नियम फोन कॉल आणि एसएमएससाठी आहेत, मेल त्यात येत नाही. अमेरिकेतल्या धंद्याला पाठवलं तर तिथला २००३ चा कॅन-स्पॅम कायदा लागतो. तो आधी परवानगी मागत नाही, पण विषयाची ओळ फसवी नसावी, टपालाचा पत्ता असावा आणि "पुन्हा पाठवू नका" सांगायची सोय असावी असं म्हणतो. जर्मनीचं राइनकाठ म्हणतात तसंच. चैतालीच्या बाबतीत हे प्रश्न येत नाहीत, पण नको म्हटलं की परत न लिहिणं इथेही पाळावं.

पत्राची कल्पना वाईट नाही, पण पत्रातलं चित्र पुतण्याला बंगळूरला कसं पाठवणार, परत फोटो काढून व्हॉट्सॲपच ना.

सायली_ठाणे

मी मार्केटिंगमध्ये आहे. विषयाची ओळ अशी ठेवा: "नॉन-एसी खोलीचा दर 1300 की 1800?" कोणीही उघडणारच, कारण गिऱ्हाईकाचा प्रश्न वाटतो. आणि मेलमध्ये ट्रॅकिंग पिक्सेल टाका म्हणजे उघडला की कळेल.

वाडीवाले_काका

सायलीताई, मी उघडीन, हो. बुकिंग आलं म्हणून हातातलं काम टाकून उघडीन आणि आत कोणीतरी काहीतरी विकतंय हे बघून असा भडकेन की खालचं एक अक्षर वाचणार नाही. बुकिंगचा आव आणू नका हो.

सायली_ठाणे

पण काका, न उघडलेल्या मेलपेक्षा ते बरं नाही का? तो प्रश्न खोटा तर नाही, तिला खरंच वाचता आला नव्हता.

खिळेजुळारी

प्रश्न खरा आहे पण ती आता खोली घेत नाहीये, म्हणून मी काकांच्या बाजूने. तो आकडा मेलच्या आत ठेवावा, विषयात काय आहे ते सरळ सांगावं. फोनवर विषयाच्या सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, म्हणून "दरपत्रक" हा शब्द पुढे पाहिजे. पिक्सेलचं म्हणाल तर जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमधून दाखवतं आणि ॲपलच्या मेलमध्ये प्रायव्हसीची सोय चालू असली तर उघडायच्या आधीच चित्रं उतरवून घेतली जातात, त्यामुळे "उघडला" हे खरं की खोटं सांगता येत नाही. एका मेलसाठी हे करूच नये.

चैताली_डी

सगळं वाचून परत लिहिलंय. होमस्टेचं नाव इथे देत नाही.

> विषय: दरपत्रक मोबाईलवर वाचता येत नाही (तुमची साइट)
>
> नमस्कार,
>
> मी चैताली, पुण्यात डिझाइनचं काम करते. हा मेल बुकिंगसाठी नाही, तुमच्या साइटवरच्या एका गोष्टीबद्दल आहे.
>
> आंजर्ल्यात राहायला जागा शोधताना तुमची साइट बघितली, वाडीचे फोटो फार आवडले. 'दर' या पानावरचं दरपत्रक चित्र असल्यामुळे फोनवर अक्षर खूप बारीक होतं. मोठं करून बघितलं तरी नॉन-एसी खोलीचा दर 1300 आहे की 1800 हे कळत नाही. खालच्या नंबरवर बोट ठेवून फोनही लागत नाही.
>
> तेच दर चित्राऐवजी मजकुरात लिहिले तर फोनवर कसे दिसतील ते खाली दाखवलंय. डावीकडे आत्ताचं पान, उजवीकडे बदललेलं. दर तुमच्याच चित्रातले आहेत, जो वाचता आला नाही तिथे जागा मोकळी ठेवलीय. असं केलं की हंगामानुसार दर बदलताना नवीन चित्र करावं लागत नाही, फोनवरून आकडा बदलता येतो. स्टेटसला लावायला तुमचं चित्र आहे तसंच वापरता येईल.
>
> साइट ज्यांनी केली त्यांना हा मेल पुढे पाठवलात तर तेही हा बदल करू शकतील. माझ्याकडून करून हवा असेल तर त्यांच्याशी बोलून करून देईन, एकदाच (रक्कम) रुपये, बाकी साइटला हात लावणार नाही.
>
> करून हवं आहे की नको, एवढं एका शब्दात कळवलंत तरी पुरे.
>
> चैताली
> (पूर्ण नाव, फोन नंबर)

दोन शंका आहेत. "फोनवरून आकडा बदलता येतो" हे त्यांची साइट कशावर केलीय त्यावर आहे ना? आणि रक्कम आत्ताच लिहू का?

खिळेजुळारी

पहिली शंका बरोबर आहे. साइट वर्डप्रेसवर असेल तर पानाच्या सोर्समध्ये `wp-content` दिसेल, मग फोनवरून बदलता येतं असं लिहायला हरकत नाही. ते दिसत नसेल, नुसती हाताने लिहिलेली एचटीएमएल पानं असतील, तर ते वाक्य काढ. जे तिथे होणार नाही ते मेलमध्ये नको.

रक्कम लिही असं माझं मत. आकडा नसला की छोटा धंदेवाला मनात मोठाच आकडा धरतो.

सायली_ठाणे

मी उलट म्हणेन. आधी "हो" येऊ दे. पहिल्याच मेलात रुपये दिसले की विक्री वाटते, आणि पुतण्याने फुकट केलेल्या साइटवर कोणी हजार रुपये मागितले तरी जास्तच वाटणार.

वाडीवाले_काका

मला तर आकडा दिसलेला बरा वाटतो, नाहीतर फोन करून विचारायचं आणि मग नाही म्हणायचं, त्याचा संकोच होतो. पण माझी बायको सायलीताईंसारखं म्हणतेय. तिचं म्हणणं, फुकट नमुना दाखवलाय तेवढ्यावर थांबावं, पटलं तर आम्हीच विचारू.

राइनकाठ

मी कधीच लिहीत नाही, पण इथली माणसं स्वतःहून विचारतात, तिकडचं माहीत नाही.

चैताली_डी

`wp-content` दिसतंय, म्हणजे ते वाक्य राहू दे. रकमेचं अजून ठरत नाहीये. काका, कधी पाठवू? आता मे तोंडावर आलाय.

वाडीवाले_काका

मेमध्ये मुळीच नको, श्वास घ्यायला फुरसत नसते, मेल आला तरी खाली जातो आणि परत वर येत नाही. जून लागला, पाऊस सुरू झाला की आमच्याकडे गर्दी ओसरते, तेव्हा आम्ही कौलं, रंग, गाद्या बघतो, साइटचा विषयही तेव्हाच निघतो. गणपतीच्या आधी दर नवीन लागायला हवे असतात, म्हणजे जुलैपर्यंत केलंत तर उपयोग. वार म्हणाल तर सोमवार-मंगळवार, शनिवार-रविवार कधीच नको.

मिलिंद_७२

आणि उत्तर नाही आलं तर? दोन दिवसांनी नको म्हणालात, मग किती दिवसांनी?

खिळेजुळारी

दहा-बारा दिवस थांबून एकदाच, त्याच मेलला उत्तर म्हणून, दोन ओळी. "मागच्या आठवड्यात दरपत्रकाबद्दल लिहिलं होतं, नमुना खाली आहेच, नको असेल तर काही कळवायची गरज नाही." त्यानंतर सोडून द्यायचं आणि पुढचा होमस्टे शोधायचा. फक्त पाठवायच्या दिवशी सकाळी त्यांचं पान परत एकदा फोनवर उघडून बघ, जूनपर्यंत पावसाळ्याचं नवीन दरपत्रक चढलं असेल तर तुझा तेराशे-अठराशे तिथे नसेलच, आणि नमुनाही नव्याने करावा लागेल.

चैताली_डी

हे बरं आठवण केलंत. मग नमुना आत्ता पूर्ण करत नाही, मांडणी तयार ठेवते आणि आकडे जूनमध्ये भरते.